मॉड-६ काउंटरच्या उत्तराचे गुण पुन्हा तपासण्यासाठी सरांना पाठवलेला ई-मेल

डिजिटल टेक्निक्सच्या चाचणीत ६ गुणांचा एक प्रश्न होता: जे-के फ्लिप-फ्लॉप वापरून मॉड-६ सिंक्रोनस अप काउंटरची रचना करा, स्टेट टेबल, के-मॅप आणि लॉजिक डायग्राम काढा. पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या कोणालाही हा प्रश्न ओळखीचा वाटेल. मला त्यात ३ गुण मिळाले. उत्तरपत्रिका वर्गात तासापुरत्या दाखवल्या गेल्या, तेव्हा स्टेट टेबलचे २ पैकी २, के-मॅपचे २ पैकी १ आणि आकृतीचा शून्य अशी विभागणी समासात लिहिलेली होती. सहा के-मॅपपैकी तीन मॅपवर फुली होती आणि आकृतीवर एकच तिरकी रेघ मारलेली होती. पत्रिका परत गोळा होण्याआधी मी माझी सहाही समीकरणे आणि कोणत्या मॅपवर फुली आहे ते वहीत उतरवून घेतले. पुढे मी जे काही केले ते त्या एका पानाच्या आधारावर केले.

फुल्या कोठे आहेत हे पाहिल्यावर मतभेद नेमका कशावरून झाला हे लगेच कळले. तीन फ्लिप-फ्लॉपना आठ अवस्था असतात आणि मॉड-६ काउंटर त्यांतल्या 000 ते 101 अशा सहाच वापरतो. 110 आणि 111 या दोन अवस्था उरतात. वर्गात शिकवलेल्या पद्धतीत या दोन अवस्थांच्या जागी के-मॅपमध्ये डोन्ट केअर धरतात, म्हणजे तेथे 0 की 1 हे गट पाडताना सोयीने ठरवता येते, आणि त्यामुळे समीकरणे लहान होतात. मी तसे केले नव्हते. काउंटर चुकून त्या दोन अवस्थांपैकी एखादीत गेला तर पुढच्याच पल्सला तो 000 वर यावा, असे धरून मी स्टेट टेबलमध्ये त्या दोन ओळी भरल्या होत्या आणि त्या दोन्हींची पुढील अवस्था 000 लिहिली होती. प्रश्नात न वापरलेल्या अवस्थांविषयी काहीच म्हटलेले नव्हते, त्यामुळे दोन्ही मार्ग मोकळे होते असे माझे मत होते आणि आजही आहे.

दोन्ही पद्धतींची समीकरणे शेजारी ठेवली की फरक स्पष्ट दिसतो. Q2 हा सर्वांत मोठ्या किमतीचा बिट आहे.

```
डोन्ट केअर धरून        110, 111 नंतर 000 धरून
J0 = 1                 J0 = Q2' + Q1'
K0 = 1                 K0 = 1
J1 = Q2'.Q0            J1 = Q2'.Q0
K1 = Q0                K1 = Q0 + Q2
J2 = Q1.Q0             J2 = Q1.Q0
K2 = Q0                K2 = Q0 + Q1
```

J0, K1 आणि K2 या तीन समीकरणांतच फरक पडतो, आणि माझ्या पत्रिकेत फुल्याही नेमक्या त्याच तिघांवर होत्या. याचा अर्थ सरांनी आदर्श उत्तरातली समीकरणे समोर ठेवून माझी तपासली होती आणि जेथे ती जुळली नाहीत तेथे फुली मारली होती. एका तुकडीच्या सगळ्या पत्रिका दोन-तीन दिवसांत तपासायच्या असतात तेव्हा ही पद्धत स्वाभाविक आहे. मात्र ज्या दोन ओळींतून ही वेगळी समीकरणे निघाली, त्या ओळी असलेल्या स्टेट टेबलला पूर्ण गुण होते. तक्ता बरोबर असेल तर त्याच तक्त्यातून काढलेले मॅप चूक कसे, एवढाच माझा प्रश्न होता.

सरांनी वर्गात सांगितले होते की कोणाला शंका असल्यास शनिवारपर्यंत ई-मेलने कळवावे, कारण त्यानंतर गुण ऑनलाइन भरले जातात आणि बदल करायचा तर विभागप्रमुखांची परवानगी लागते. तास सुटल्यावर टेबलाभोवती गर्दी करून वाद घालण्यापेक्षा मला हे अधिक बरे वाटले. लिहून दिलेली गोष्ट सरांना सवडीने पत्रिका उघडून पडताळता येते.

ई-मेल लिहिण्याआधी माझे उत्तर खरोखर चालते का, हे मला स्वतःला पाहायचे होते. मी आठही अवस्था एकेक करून समीकरणांत घातल्या. जे-के फ्लिप-फ्लॉपमध्ये दोन्ही इनपुट 0 असतील तर आउटपुट आहे तसे राहते, J फक्त 1 असेल तर ते 1 होते, K फक्त 1 असेल तर 0 होते आणि दोन्ही 1 असतील तर उलटते. एवढे चार नियम लावून पाहिले. 110 घेतल्यावर J0 ची किंमत 0 आणि K0 ची 1, म्हणून Q0 शून्यच राहतो. J1 शून्य आणि K1 एक, म्हणून Q1 शून्य होतो. J2 शून्य आणि K2 एक, म्हणून Q2 सुद्धा शून्य. पुढील अवस्था 000. 111 घेतल्यावर Q0 आणि Q1 यांचा K एकटाच 1 असल्याने ते शून्य होतात, आणि J2, K2 दोन्ही 1 असल्याने Q2 उलटून शून्य होतो. पुन्हा 000. उरलेल्या सहा अवस्था 000, 001, 010, 011, 100, 101 अशा क्रमाने येऊन परत 000 वर जातात.

हाच हिशेब मी डोन्ट केअरच्या समीकरणांसाठीही केला, आणि ते करणे महत्त्वाचे ठरले. त्या रचनेत 110 नंतर 111 येते आणि 111 नंतर 000. म्हणजे तो काउंटरही अडकून पडत नाही. फक्त 110 पासून परतायला एक पल्स जास्त लागतो. हे कळले नसते तर मी कदाचित ई-मेलमध्ये असे लिहिले असते की माझीच रचना सुरक्षित आहे आणि आदर्श उत्तरात लॉकआउटचा धोका आहे. ते चुकीचे ठरले असते आणि सरांनी एका वाक्यात खोडून काढले असते. डोन्ट केअर धरल्यावर न वापरलेल्या अवस्था कोठे जातात हे नंतर तपासावे लागते, कारण गट कसे पाडले त्यावर ते अवलंबून असते आणि काही काउंटरांत त्या अवस्था आपापसांतच फिरत राहतात. या मॉड-६ मध्ये तसे होत नाही. म्हणून माझे म्हणणे मी एवढ्यापुरतेच ठेवले की माझे उत्तर वेगळे असले तरी प्रश्नाची अट पूर्ण करते.

शुक्रवारी प्रात्यक्षिकाचा तास होता. लॅब असिस्टंट मॅडमना विचारून मी आमचा नेहमीचा प्रयोग लवकर आटोपला आणि ट्रेनर किटवर ही जोडणी केली. 7476 या आयसीत दोन जे-के फ्लिप-फ्लॉप असतात, म्हणून दोन आयसी लागल्या. दोन अँड गेटसाठी 7408 आणि तीन ऑर गेटसाठी 7432. किटवरच्या साध्या स्विचने क्लॉक दिला तर संपर्क थरथरतो आणि एका दाबात दोन-तीन पल्स मोजले जातात, म्हणून एका दाबाला एकच पल्स देणारे बटण वापरले. न वापरलेल्या अवस्थेत काउंटर मुद्दाम न्यायचा तर 7476 चे प्रीसेट आणि क्लिअर कामी येतात. दोन्ही लो असताना काम करतात. Q2 आणि Q1 चा प्रीसेट व Q0 चा क्लिअर क्षणभर जमिनीला जोडून परत हायला नेला की दिव्यांवर 110 दिसते. ते परत हायला न्यायचे राहिले तर कितीही पल्स दिले तरी दिवे हलत नाहीत, आणि समीकरणच चुकले असा समज होतो. नंतर एक पल्स दिला आणि तिन्ही दिवे विझले. 111 पासूनही तेच झाले. मॅडमनी हे पाहिले आणि माझ्या वहीतल्या निरीक्षणाच्या तक्त्याखाली सही केली.

ई-मेलचा पहिला मसुदा मी रात्री लिहिला आणि तो पाठवला नाही. त्याची सुरुवातच "माझे तीन गुण कापले गेले आहेत" अशी होती, पुढे मैत्रिणीला तशाच आकृतीला किती गुण मिळाले ते होते आणि शेवटी टक्केवारी कमी झाल्यास शिष्यवृत्तीवर परिणाम होईल असेही होते. यांतली एकही गोष्ट सरांना उत्तर पुन्हा तपासायला उपयोगी नव्हती. मैत्रिणीचे उत्तर तिचे होते, शिष्यवृत्तीचा K1 च्या समीकरणाशी संबंध नव्हता, आणि "कापले" हा शब्द वाचणाऱ्याला आधीच बचावाच्या पवित्र्यात नेतो. मी ते सर्व काढले. प्रश्न कोणता, पत्रिकेत कोठे पाहायचे, माझे गृहीतक काय होते, ते कसे पडताळता येईल आणि माझी विनंती काय, एवढेच ठेवले. तक्ता ई-मेलमध्येच लिहिला, कारण जोडलेली फाइल मोबाइलवर उघडायची राहून जाऊ शकते. पाठवलेला मजकूर असा होता. नाव आणि क्रमांक येथे गाळले आहेत.

विषय: डिजिटल टेक्निक्स चाचणी, प्रश्न ३ (मॉड-६ काउंटर) – उत्तर पुन्हा पाहण्याबाबत विनंती

आदरणीय सर,
सविनय नमस्कार.

मी द्वितीय वर्ष इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन शाखेची विद्यार्थिनी आहे. चाचणीच्या प्रश्न ३ मध्ये मला ६ पैकी ३ गुण मिळाले आहेत. आपण वर्गात उत्तरपत्रिका दाखवल्यानंतर एका मुद्द्यावर आपले मार्गदर्शन घ्यावे असे वाटले, म्हणून हा ई-मेल लिहीत आहे.

माझ्या उत्तरातील J0, K1 आणि K2 यांची समीकरणे आपण शिकवलेल्या समीकरणांपेक्षा वेगळी आहेत. प्रश्नात 110 आणि 111 या अवस्थांविषयी उल्लेख नसल्याने मी त्यांना डोन्ट केअर न धरता त्यांची पुढील अवस्था 000 धरली होती. स्टेट टेबलच्या शेवटच्या दोन ओळींत ते लिहिलेले आहे. त्यानुसार माझी समीकरणे J0 = Q2' + Q1', K1 = Q0 + Q2 आणि K2 = Q0 + Q1 अशी आली; उरलेली तीन आदर्श उत्तराप्रमाणेच आहेत.

या समीकरणांत आठही अवस्था घालून पाहिल्या असता 000 ते 101 हा क्रम बरोबर येतो, आणि 110 व 111 या दोन्ही अवस्थांनंतर 000 येते. शुक्रवारच्या प्रात्यक्षिकात 7476 वापरून हे मी किटवरही पाहिले. निरीक्षणाच्या तक्त्यावर लॅब असिस्टंट मॅडमची सही आहे आणि वही मी सोबत आणू शकेन. डोन्ट केअर धरलेल्या रचनेत गेट कमी लागतात, हे मला मान्य आहे. माझ्या रचनेत तीन ऑर गेट अधिक लागतात.

प्रश्नपत्रिकेच्या सूचनांमध्ये आवश्यक असल्यास योग्य गृहीतक धरावे असे म्हटले आहे. माझे गृहीतक त्या सूचनेत बसते किंवा नाही, आणि बसत असल्यास के-मॅप व आकृतीचे गुण पुन्हा पाहता येतील का, एवढी कृपया तपासणी व्हावी ही विनंती. आपला जो निर्णय होईल तो मला मान्य असेल. माझी समजूत चुकीची असल्यास तीही कृपया सांगावी.

आपली विद्यार्थिनी,
(नाव, हजेरी क्रमांक, तुकडी)

निर्णय मान्य असेल हे वाक्य मी शिष्टाचार म्हणून लिहिले नव्हते. चाचणी सरांची होती, आणि कमीत कमी गेट वापरणे ही न लिहिलेली अपेक्षा त्यांनी धरली असती तर तो निर्णय त्यांच्या अधिकारात होता. गेट अधिक लागतात हे मी स्वतःहून लिहिले, त्याचे कारण वेगळे होते. सर पडताळायला बसले असते तर आकृतीत सर्वांत आधी त्यांना तीन जादा ऑर गेटच दिसले असते, आणि ते मी लपवले असे वाटण्यापेक्षा मीच ते मोजून दिलेले बरे होते.

ई-मेल शुक्रवारी रात्रीच पाठवला. शनिवारी सकाळी दोन ओळींचे उत्तर आले: मिळाला, दुपारी लॅबमध्ये वही घेऊन ये. सर माझी पत्रिका काढूनच बसले होते. त्यांनी समीकरणांकडे न जाता आधी स्टेट टेबलच्या शेवटच्या दोन ओळी पाहिल्या आणि मग वेगळ्या कागदावर K1 चा मॅप स्वतः पुन्हा मांडला. Q1 शून्य असलेल्या चारही चौकटींत डोन्ट केअर येते, 010 ला 0, आणि 011, 110, 111 या तिन्ही ठिकाणी 1. त्यांनी Q0 चा एक गट आणि Q2 चा एक गट पाडला आणि माझ्या समीकरणासमोर बरोबरची खूण केली. K2 साठी त्यांनी मॅप मांडला नाही. J0 मात्र त्यांनी मला तोंडी विचारला: "येथे एक लिहिला असता तर काय बिघडले असते?" मी सांगितले की 111 वर काहीच बिघडले नसते, कारण तेथे K0 एक असल्याने Q0 दोन्ही प्रकारे शून्यच होतो, पण 110 वर Q0 उलटून 1 झाला असता आणि काउंटर 000 ऐवजी 001 वर गेला असता. त्यावर त्यांनी मान डोलावली आणि हे समीकरण ऑर गेटऐवजी Q2 आणि Q1 घेतलेल्या एकाच नँड गेटनेही होते, हे दाखवून दिले. तसे केले तर J0 साठी Q2' आणि Q1' पर्यंत तारा न्याव्या लागत नाहीत. मी याचा विचार केला नव्हता.

मग ते आकृतीकडे वळले. समीकरणे मान्य झाल्यावर आकृती त्यांच्याशी जुळते का एवढेच पाहायचे होते. तिन्ही फ्लिप-फ्लॉपना एकच क्लॉक जातो का, K0 ला लॉजिक 1 दिला आहे का आणि ऑर गेटांचे इनपुट योग्य आउटपुटवरून घेतले आहेत का, हे त्यांनी पेन्सिलने तारांवरून फिरून पाहिले. सर्व जुळले. त्यांनी के-मॅपला २ आणि आकृतीला १ गुण दिला, म्हणजे एकूण ५.

आकृतीचा एक गुण का राहिला हे त्यांनी न विचारता सांगितले. गृहीतक धरायची मुभा आहे, पण ते उत्तराच्या सुरुवातीला एका वाक्यात लिहिणे अपेक्षित आहे. तक्त्याच्या ओळींतून ते तपासणाऱ्याने शोधून काढावे असे नव्हे. शिवाय प्रश्नात वेगळी अट नसताना डोन्ट केअर वापरून रचना सोपी करणे हा या घटकाचा भागच आहे, आणि तीन जादा गेट असलेली आकृती त्या बाबतीत अपुरी आहे. यातले पहिले कारण मला पूर्ण पटले. दुसऱ्या कारणाविषयी माझे मत थोडे वेगळे आहे, कारण काउंटर एकाच पल्समध्ये शून्यावर यायला हवा अशी गरज असेल तर ते गेट जादा राहत नाहीत. मी ते सरांना त्याच शब्दांत सांगितले. ते म्हणाले, "अशी गरज प्रश्नात लिहिलेली असती तर तुला सहा दिले असते." एका गुणाबद्दल त्यापुढे बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

निघण्यापूर्वी सरांनी गुणांच्या यादीत ३ खोडून ५ लिहिले आणि शेजारी सही केली. पत्रिकेच्या पहिल्या पानावरच्या चौकटीतही बेरीज बदलली. ती बेरीज बदलली आहे ना हे तेथेच पाहून घ्यावे, कारण यादी आणि पत्रिका यांत फरक राहिला तर नंतर पत्रिकेवरचा आकडा धरतात. मग त्यांनी विचारले की आणखी कोणी त्या दोन अवस्थांसाठी 000 धरले होते का. मला एका मुलाचे उत्तर तसे असल्याचे ठाऊक होते, पण त्याने शंका कळवलेली नव्हती. सरांनी गठ्ठ्यातून त्याची पत्रिका काढली. त्याच्या स्टेट टेबलमध्ये 110 ची पुढील अवस्था 000 होती, 111 ची ओळ मात्र रिकामी होती. तेवढ्या भागाचे गुण कसे द्यायचे हे सोमवारी त्याला बोलावून ठरवतो, असे म्हणून त्यांनी ती पत्रिका वेगळी ठेवली.